निळ्या फाइलीला कोण हसलं?

निरोप समारंभातल्या भाषणांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. तुम्ही आपणहून ऐकायला आलात, तेव्हा आता सुटका नाही.

मध्यंतरी अशाच एका समारंभाला गेले होते. वक्ते उठले आणि म्हणाले, "साहेबांबद्दल काय बोलू? एवढंच म्हणतो, निळी फाइल!" आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसले. मागच्या दोन रांगा हसून लोटपोट. पुढे साहेबांच्या पत्नी आणि मुलगी बसल्या होत्या, त्या फोटोसाठी हसतात तशा हसल्या. नवीन लागलेल्या एका मुलाने शेजाऱ्याला विचारलं, "कुठली फाइल?" शेजारी म्हणाला, "नंतर सांगतो." सभागृहात हे "नंतर सांगतो" ऐकू आलं की समजावं, विनोद अर्ध्याच लोकांना वाटला गेला.

चहाच्या वेळी मी वक्त्यांना गाठलंच. गोष्ट अशी, की शेवटचं पान वाचल्याशिवाय साहेब सही करत नसत. एकदा अगदी घाईची फाइल होती, माणसं दारात ताटकळलेली. साहेब शांतपणे वाचत बसले. शेवटी चुकून कुणाचा तरी रजेचा अर्ज टाचलेला निघाला. साहेबांनी त्यावरही सही केली आणि अर्जदाराला बोलावून म्हणाले, "रजा मंजूर. पण पुढच्या वेळी पुढच्या दाराने या."

हे ऐकून त्यांच्या पत्नी खळखळून हसल्या. म्हणाल्या, "घरीसुद्धा औषधाच्या बाटलीवरचं शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय झाकण उघडत नाहीत!" आता मला सांगा, इतकी छान गोष्ट खिशात असताना या गृहस्थांनी दोनच शब्द का खर्च केले? नव्या मुलालाही ती कळली असती, आणि माणूसही कळला असता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, 'दोन मिनिटे'. भाषण कसं लिहायचं हे सांगायचं कबूल केलं होतं, ते आता पळत पळत सांगते.

एक सवय निवडा, ती दिसेल असा एकच प्रसंग सांगा आणि शुभेच्छा द्या. तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. जी सवय तो माणूस स्वतः हसत सांगतो, तिचीच थट्टा करा. वय, तब्येत, हुकलेली बढती यांच्या वाटेला जाऊ नका. मग ऑफिसात कधी पाऊल न टाकलेल्या कुणाला तरी भाषण वाचून दाखवा. जिथे तो "कोण?" किंवा "कुठली?" विचारेल, तिथे एक वाक्य घाला, नाहीतर तो भागच काढा.

शेवटचं वाक्य पाठ हवं, बाकीचं कागदात बघितलं तरी चालेल. ते छोटं असू दे आणि त्यात नाव येऊ दे, म्हणजे पेले कधी उंचावायचे ते सगळ्यांना कळतं. लोकांना उभं राहायला त्याआधी सांगा. नंतर सांगितलंत तर निम्मे उभे, निम्मे बसलेले, आणि सत्कारमूर्ती बिचारे मधल्यामधे. अध्यक्ष स्वतःच उठलेत, थांबते.