भाचीचं व्याज, मामांचा पॅन

नमस्कार. विषय जाहीर झालाय तो अज्ञान मुलाच्या रिटर्नचा, शेअर्स विकले तर काय तेही सांगायचंय, पण आधी एक केस सांगते, कारण यात जे घडलं ते माझ्याकडे वारंवार येतं आणि दरवेळी मला वाईट वाटतं.

चौदा वर्षांची मुलगी, आईवडील दोघंही गेलेले. मामांना जिल्हा न्यायालयाने पालक नेमलंय. वडिलांची तीस लाखांची एफडी वारसाने मुलीकडे आली, सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज 2,10,000. आणि थोडे शेअर्स, त्यांचा डिव्हिडंड 38,000. आता बँकेत एफडी मुलीच्या नावावर करताना तिचा पॅन अजून काढलाच नव्हता, म्हणून काउंटरवरच्या माणसाने मामांचा पॅन टाकला. झालं. 2024-25 चं सगळं व्याज मामांच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या त्यांच्या वार्षिक माहितीपत्रकात, आणि 21,000 टीडीएस मामांच्या नावावर.

मामा स्वतः तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये. कोणीतरी त्यांना सांगितलं, पालक आहात ना, मग मुलाचं उत्पन्न तुमच्यात मिळवायचं. हे चूक आहे आणि मी हे जोर देऊन सांगते, 1961 च्या कायद्याचं कलम 64(1A) आईवडिलांसाठी आहे, मामा-काका-आजोबांसाठी नाही. मिळवलं असतं तर सेससकट 65,520 कर मामांच्या खिशातून गेला असता आणि तोही अशा उत्पन्नावर, ज्यातला एक रुपया त्यांचा नाही. आई किंवा वडील यातलं एक जरी हयात असतं तर गोष्ट वेगळी, मग तिचं उत्पन्न त्यांच्यात जातं. इथे दोघंही नाहीत, म्हणून मुलगी स्वतंत्र करदाती आणि मामा तिचे प्रतिनिधी, कलम 160 प्रमाणे.

मामांना हे आतून कळत होतं, म्हणून त्यांनी आपल्या रिटर्नमध्ये व्याज दाखवलंच नाही. पण पोर्टलने आधीच भरून दिलेला 21,000 चा टीडीएस तसाच राहू दिला! उत्पन्न नाही पण टीडीएस मागितलाय, मग कलम 139(9) ची डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस येणारच. उत्तराला पंधरा दिवस, आणि उत्तर दिलं नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरू शकतात. मामा माझ्याकडे आले तेव्हा अकरा दिवस गेले होते, त्यांच्या हातात नोटीसची प्रिंट होती आणि घाबरून म्हणाले, ताई, मी पोरीचे पैसे खाल्ले असं तर नाही ना वाटणार कोणाला? मी त्यांना आधी पाणी दिलं.

उत्तरात काय केलं ते ऐका. नोटीसशी सहमत असं निवडलं आणि सुधारित रिटर्न जोडलं. आयटीआर-१ चालत नाही, टीडीएस एकाच्या नावावर आणि उत्पन्न दुसऱ्याचं असेल तर आयटीआर-२ लागतो. त्यातल्या टीडीएसच्या तक्त्यात 21,000 दाखवले, पण स्वतःसाठी शून्य आणि नियम 37BA(2) प्रमाणे दुसऱ्या व्यक्तीकडे, मुलीचा पॅन लिहून. एआयएसमध्ये त्या व्याजावर `Information relates to other PAN/Year` हा फीडबॅक दिला. आणि बँकेला लेखी डिक्लरेशन दिलं, उत्पन्न कोणाचं, पॅन कोणता, कारण काय, न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडून, म्हणजे बँक टीडीएसचं स्टेटमेंट दुरुस्त करेल. हे डिक्लरेशन लोक विसरतात, आणि मग मुलीकडे क्रेडिट जुळत नाही.

मुलीचं रिटर्न वेगळं. मामांच्या लॉगिनमध्ये `Authorised Partners` मधून `Register as Representative Assessee`, मुलीचा पॅन, मामांचा पॅन, पालकत्वाचा आदेश, मंजुरी आल्यावर मामांनी तिच्या वतीने भरलं, तिथेही आयटीआर-२. एकूण 2,48,000, नव्या पद्धतीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणजे 21,000 पूर्ण परत. भरणं सक्तीचं नव्हतं, पण भरल्याशिवाय रिफंड कुठून येणार? आणि रिफंडसाठी तिच्याच नावाचं खातं पोर्टलवर व्हॅलिडेट करून ठेवा, मामांचं नाही.

मला चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, शेअर्सचं पटकन सांगते. वारसाने मिळताना कर नाही, विकल्यावर आहे. खरेदीची किंमत मुलीची शून्य धरायची नाही, वडिलांनी जी दिली ती, आणि त्यांनी ठेवलेला काळही मोजायचा, त्यामुळे काल ट्रान्सफर झालेले शेअर्स आज विकले तरी नफा दीर्घ मुदतीचा असू शकतो. वडिलांची खरेदी फेब्रुवारी 2018 च्या आधीची असेल तर लिस्टेड शेअर्सना 31 जानेवारी 2018 चा भाव बघा. विकण्याआधी वडिलांच्या जुन्या डीमॅटचं स्टेटमेंट काढून घ्या, एआयएसमध्ये विक्रीची रक्कम दिसते, पण वडिलांची किंमत तिथे बहुतेक वेळा नसते किंवा चुकीची असते. तिथून क्वेरी आली तर ते स्टेटमेंट हेच तुमचं उत्तर.