पांढरा डाग: कोड, शिबे की जुना वण?

नमस्कार श्रोतेहो,

मानेवर, गालावर किंवा बोटांच्या पेरांवर एखादा फिकट ठिपका दिसतो. महिन्याभराने तो जरा मोठा झालेला असतो आणि शेजारी आणखी एक उठलेला असतो. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच शंका असते: हे कोड तर नाही ना? असा डाग नीट कसा बघायचा, त्याबद्दल आज बोलू या. डाग पसरतोय एवढ्यावरून काहीच ठरत नाही. शिबेही पसरतात, आणि कोड कधी कधी वर्षानुवर्षं एका जागी थांबून राहतं.

आपल्या त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलानिन नावाचं रंगद्रव्य बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना ते वाटून देतात. डाग पडला की खरा प्रश्न एवढाच असतो, की रंगपेशी जागेवर आहेत पण त्यांचं काम मंदावलंय, की रंगपेशीच तिथे उरलेल्या नाहीत? शिबे आणि जुने वण बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात येतात. कोड दुसऱ्या प्रकारात येतं. त्यात शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणा आपल्याच रंगपेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. म्हणूनच शिब्याचा किंवा वणाचा डाग फिकट दिसतो, त्यात थोडा रंग शिल्लक असतो. पूर्ण तयार झालेल्या कोडाचा डाग दुधासारखा किंवा खडूसारखा पांढरा असतो, आणि त्याची कड आखून काढल्यासारखी असते.

आधी शिब्यांकडे बघू, कारण आपल्याकडच्या दमट हवेत ते फार आढळतात. शिबे होतात ते मॅलेसेझिया नावाच्या बुरशीमुळे. ही बुरशी बाहेरून येत नाही. ती जवळजवळ प्रत्येकाच्या कातडीवर असतेच आणि कातडीतल्या तेलावर जगते. उकाडा, घाम, अंगाला चिकटणारे कपडे आणि अंगाला चोपडलेलं तेल मिळालं की ती माजते. म्हणून डाग छाती, पाठ, खांदे आणि मान इथे येतात. आंघोळ केली नाही म्हणून शिबे झाले, असं कुणाला ऐकवू नका. त्यांचा अस्वच्छतेशी फारसा संबंध नाही.

ओळखण्याची एक सोपी रीत आहे. अंगाला तेल लावलेलं नसताना, चांगल्या उजेडात, डागावरची कातडी दोन बोटांनी ताणा किंवा नखाने हलकेच खरवडा. शिबे असतील तर पिठासारखा बारीक कोंडा उठतो. कोडाच्या डागावर असा कोंडा उठत नाही. तिथली कातडी रंग सोडला तर अगदी नेहमीसारखी असते. दवाखान्यात हाच कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे आखूड तंतू आणि गोल बीजाणू लगेच दिसतात. तपासणी काही मिनिटांची असते.

उपचारही साधा आहे. 2 टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू ओल्या अंगावर मानेपासून कमरेपर्यंत लावायचा, डाग नसलेल्या कातडीलाही लावायचा, 5 मिनिटं ठेवायचा आणि धुऊन टाकायचा. असं रोज एकदा, 5 दिवस. फक्त डागांवर ठिपके ठिपके मलम लावलं तर आजूबाजूची बुरशी तशीच राहते. कीटोकोनॅझोलच्या गोळ्या मात्र यासाठी घेऊ नका, त्या यकृताला इजा करू शकतात.

पुष्कळ लोक गोंधळतात ते याच्या पुढे. बुरशी मरते, कोंडा थांबतो, पण डाग पांढरेच राहतात. मग औषध लागू पडलं नाही, किंवा शिब्याचं कोड झालं, असा समज होतो. शिब्यांचं कोड होत नाही. बुरशी काही आम्लं तयार करते, त्यांनी रंगपेशींचं काम दाबलं गेलेलं असतं. ते पूर्वपदावर यायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. औषध पुन्हा लावायचं की नाही हे रंगावरून ठरवू नका, कोंड्यावरून ठरवा. पुढच्या पावसाळ्यात शिबे परत येणं हेही नेहमीचंच आहे.

आता जुने वण. गजकर्ण, इसब, कांजिण्या किंवा भाजणं बरं झाल्यावर त्याच जागी, त्याच आकाराचा फिकट डाग उरतो. इथे विचारायचा प्रश्न एकच: डाग यायच्या आधी तिथे काय होतं? खाज, पुरळ, फोड असं काही होऊन गेलेलं असेल आणि डागाची सीमा त्या जागेच्या बाहेर जात नसेल, तर काळजी कमी. रंग हळूहळू भरतो. अपवाद खोल भाजण्याचा. तिथे रंगपेशीच जळून गेलेल्या असतात, त्यामुळे डाग दुधी पांढरा आणि कायमचा राहू शकतो. लहान मुलांच्या गालांवर येणारे अस्पष्ट कडांचे, किंचित खरखरीत पांढुरके डागही याच कुळातले. त्यांना जंतांचे डाग किंवा कॅल्शियम कमी पडल्याचे डाग म्हणतात. प्रत्यक्षात ती कोरड्या त्वचेवरची सौम्य इसब असते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर लावत राहिलं तर बरीचशी मुलं काही महिन्यांत बरी होतात.

एक तपासणी मात्र प्रत्येक फिकट डागाची करायलाच हवी. कापसाची बारीक वात करा, माणसाला डोळे मिटायला सांगा, डागावर आणि शेजारच्या चांगल्या कातडीवर आलटून पालटून स्पर्श करा आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगा. डागावरचा स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. तेव्हा थांबू नका. त्याचं औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. कोडात संवेदना कधीच जात नाही.

कोडाचे डाग बहुधा दोन्ही बाजूंना जोडीने येतात: दोन्ही हातांच्या बोटांवर, दोन्ही कोपरांवर, दोन्ही डोळ्यांभोवती, ओठांवर. जिथे कातडी सतत घासते तिथेही येतात: परकराच्या नाडीखाली कमरेवर, चपलेच्या पट्ट्याखाली पावलावर. डागातले केस पांढरे झालेले असतील तर ती कोडाची ठळक खूण. काळोख्या खोलीत वुड्स लॅम्प नावाच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं तर कोडाचा डाग निळसर पांढरा लखलखतो. शिबे पिवळसर दिसतात, तर वण जेमतेम उठून दिसतो. कोड स्पर्शाने पसरत नाही, दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होत नाही, आंबट बंद केल्याने थांबत नाही. त्याच्याबरोबर थायरॉइडचे विकार आढळतात, म्हणून एकदा रक्तातलं टीएसएच तपासून घ्यावं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, रत्नागिरीकडच्या पस्तिशीतल्या एका बाईंच्या पाठीवर आणि मानेवर फिकट डाग आहेत. ते दर पावसाळ्यात वाढतात, खरवडलं की कोंडा येतो. शिवाय कपाळावर टिकलीच्या जागी, टिकलीएवढाच, दुधी पांढरा गोल उठला आहे. तिथे आधी काही दिवस खाज येत होती. त्यांना वाटतं, पाठीवरचं कोड आता तोंडावर आलं. प्रत्यक्षात हे दोन वेगळे आजार आहेत. पाठीवर शिबे आहेत, ते शाम्पूने जातील. कपाळावर टिकलीच्या डिंकातल्या रसायनाने, बहुधा पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉलने, रंगपेशी मारल्या आहेत. इथे पहिला उपाय म्हणजे चिकटवायची टिकली पूर्ण बंद करणं. कंपनी बदलून भागत नाही. मग ओठ, बोटं, कोपर, कंबर नीट तपासायची. दुसरीकडे कुठेच पांढरं नसेल तर टिकली थांबवून आणि औषध लावून रंग परतण्याची आशा चांगली असते. टिकली न लागलेल्या जागीही दुधी ठिपके दिसू लागले, तर ते कोड समजूनच उपचार सुरू करायचे.

कोडावर चेहऱ्यासाठी डॉक्टर बहुधा टॅक्रोलिमसचं मलम देतात: मोठ्यांना 0.1 टक्के, मुलांना 0.03 टक्के, दिवसातून दोनदा. सुरुवातीचे काही दिवस त्याने चुरचुरतं, तेवढ्यावरून बंद करू नये. अंगावर बरेच डाग असतील तर नॅरोबँड यूव्हीबी नावाचा अतिनील प्रकाश देतात, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. कातडी किंचित गुलाबी झाली आणि 24 तासांत ओसरली, तर मात्रा बरोबर आहे. पुढच्या वेळेपर्यंत लाली टिकली तर प्रकाश घेण्याआधी ते सांगायला हवं.

रंग परत कसा येतो हे माहीत असलं तर धीर धरता येतो. डागातल्या केसांच्या मुळांशी थोड्या रंगपेशी लपून वाचलेल्या असतात. त्या वर सरकतात, म्हणून आधी प्रत्येक केसाभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतात, आणि मग ते एकमेकांत मिसळतात. हे ठिपके दिसायला दोन-तीन महिने लागतात. उपचार फुकट गेला की नाही हे 6 महिन्यांच्या आत ठरवू नये. ओठांवर आणि बोटांच्या टोकांवर केस नसतात, म्हणून तिथे रंग सर्वांत कमी भरतो. डाग वर्षभर स्थिर असेल तर अशा जागी कातडीच्या रोपणाचा विचार करतात.

दोन गोष्टींपासून लांब राहा. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमं कुठल्याही पांढऱ्या डागावर लावू नका. त्यातल्या जोरकस स्टेरॉइडने कातडी पातळ होते, बुरशी दबून आतून वाढते, आणि स्टेरॉइडनेच नवीन फिकटपणा येतो. मग मूळ डाग कशाचा होता हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. दुसरी गोष्ट बावचीच्या तेलाची. त्यातल्या सोरालेनमुळे कातडी उन्हाला फार हळवी होते, आणि मनाने लावून उन्हात बसलेल्यांना मोठाले फोड येतात. त्या भाजण्याच्या जागी कोड आणखी पसरू शकतं.

डॉक्टरांकडे जाताना दर महिन्याला त्याच खिडकीच्या उजेडात, शेजारी नाणं ठेवून काढलेले डागाचे फोटो घेऊन जा. त्याआधीचे दोन-तीन दिवस डागावर काहीही लावू नका, म्हणजे कोंडा तपासता येईल. आणि आतापर्यंत जे जे लावलं असेल त्याच्या रिकाम्या नळ्या, टिकलीचं पाकीटसुद्धा, पिशवीत टाका.

नमस्कार.