रात्रभर उपाशी, तरी सकाळी साखर का वाढते?

श्रोतेहो, नमस्कार. मधुमेहाच्या तपासणीसाठी येणारी मंडळी रक्ताचा अहवाल पुढे करून एक प्रश्न हमखास विचारतात : "रात्री साडेआठला दोन पोळ्या आणि भाजी खाल्ली, त्यानंतर पाण्याशिवाय काही घेतले नाही, मग सकाळी उपाशीपोटी साखर एवढी कशी?" आपल्या इंदूरमध्ये सकाळच्या पोहे-जिलबीला किंवा रात्रीच्या सराफ्यातल्या फेरीला दोष देणे सोपे आहे, परंतु ज्यांनी यांपैकी काहीही तोंडात घातलेले नसते, त्यांचीही सकाळची साखर वाढलेली असते. हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट समजले, तर इन्सुलिन शरीरात काय करते, हेही बऱ्याच अंशी समजते.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर, म्हणजे ग्लुकोज, स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत पोहोचवण्यासाठी इन्सुलिन लागते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ते खरेच आहे. मात्र इन्सुलिनचे दुसरे काम तितकेच महत्त्वाचे असून त्याची चर्चा फार कमी होते. ते काम म्हणजे यकृताला आवर घालणे.

यकृत हे आपल्या शरीरातले साखरेचे कोठार आहे. जेवणानंतर आलेल्या ग्लुकोजपैकी काही भाग ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. चांगले जेवलेल्या प्रौढ माणसाच्या यकृतात हा साठा साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असतो. आपण झोपलेलो असतानाही मेंदूला ग्लुकोज लागतच असते, तासाला सुमारे पाच ग्रॅम, आणि मेंदू ते इन्सुलिनच्या मदतीशिवाय घेऊ शकतो. हा पुरवठा तुटू नये म्हणून यकृत रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते. साठा कमी होऊ लागला, की स्नायूंकडून आलेली अमिनो आम्ले आणि लॅक्टेट यांच्यापासून ते नवे ग्लुकोजही तयार करते. म्हणून रात्रीचे जेवण पूर्ण टाळले, तरी सकाळची साखर शून्याकडे जात नाही. हे काम यकृताने केले नसते, तर एका रात्रीचा उपासही आपल्याला झेपला नसता.

किती साखर सोडायची, हे ठरवण्यात दोन संप्रेरकांचा मोठा वाटा असतो आणि ती दोन्ही स्वादुपिंडात तयार होतात. अल्फा पेशींतून येणारे ग्लुकागॉन यकृताला साखर सोडण्यास सांगते, तर बीटा पेशींतून येणारे इन्सुलिन ते सोडणे रोखते. यातली रचना मला नेहमीच विलक्षण वाटते : स्वादुपिंडातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे न जाता आधी यकृतात जाते, त्यामुळे शरीरातल्या इतर कोणत्याही अवयवाच्या आधी आणि त्यांच्यापेक्षा अधिक प्रमाणात यकृताला इन्सुलिन मिळते. झोपेतही बीटा पेशी थोडे थोडे इन्सुलिन सोडत असतात, ते मुख्यतः याच कामासाठी.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, राजेंद्रनगरात राहणारे, ७० किलो वजनाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत आणि त्यांना काही वर्षांपासून दुसऱ्या प्रकारचा मधुमेह आहे. रात्री अकरा वाजता त्यांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, ती ११८ मिलिग्राम प्रति डेसिलिटर होती. सकाळी सात वाजता ती १७८ निघाली. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली असते आणि १२६ किंवा त्याहून अधिक आकडा पुन्हा तपासल्यावरही कायम राहिला, तर मधुमेहाचे निदान होते. या गृहस्थांच्या बाबतीत आठ तासांत ६० ची वाढ झाली. साखर केवळ रक्तातच नव्हे, तर पेशींच्या बाहेरच्या सगळ्या द्रवात पसरते आणि एवढ्या वजनाच्या माणसात तिला पसरायला साधारण चौदा लिटर द्रव मिळतो. त्या हिशेबाने वाढलेली साखर भरते सुमारे साडेआठ ग्रॅम, म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे. एवढ्या वजनाच्या निरोगी माणसाचे यकृतदेखील तासाला आठ ग्रॅमच्या आसपास साखर सोडते, परंतु तितकीच वापरली जात असल्याने आकडा स्थिर राहतो. या गृहस्थांच्या शरीरात मात्र सोडलेली साखर वापरलेल्या साखरेपेक्षा तासाला एका ग्रॅमने जास्त होती आणि तेवढ्या फरकाने सकाळचा आकडा बिघडला. हा हिशेब ढोबळ आहे हे खरे, पण दोष रात्रीच्या दोन पोळ्यांचा नव्हता, हे त्यातून स्पष्ट दिसते.

यकृताने ऐकले का नाही, याला दोन कारणे आहेत. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, विशेषतः त्यात चरबी साचलेली असेल तर. सुरुवातीची काही वर्षे बीटा पेशी जास्त इन्सुलिन तयार करून ही कसर भरून काढतात, म्हणून तोवर तपासणीत काही दिसत नाही. पुढे त्या पेशींची क्षमता घटत जाते आणि मग आकडे चढू लागतात. त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक यांचा जोर वाढतो, ज्यामुळे साखर वर जाण्याकडे कल असतो. निरोगी शरीर अशा वेळी थोडे अधिक इन्सुलिन सोडून तोल सांभाळते. मधुमेहात ते जमत नाही. मेटफॉर्मिन हे औषध मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते, त्यामुळे उपाशीपोटीच्या आकड्यावर त्याचा चांगला परिणाम दिसतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची गोष्ट अधिक गंभीर आहे. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते आणि इन्सुलिन जवळजवळ उरतच नाही. मग यकृतावरचा आवर तर सुटतोच, शिवाय चरबीच्या पेशींवरचाही सुटतो. चरबी वितळून यकृतात येते, तिचे कीटोन होतात आणि रक्त आम्लधर्मी होऊ लागते. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, ही त्याची लक्षणे असून अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. म्हणून या रुग्णांनी "आज ताप आहे, काही खाल्ले नाही, मग इन्सुलिन कशाला" असा विचार कधीही करू नये. उपाशी पोटीही यकृत साखर सोडतच असते आणि तापात तर ती अधिकच सोडते, त्यामुळे पायाभूत इन्सुलिन तेव्हाही लागतेच.

ज्यांचा सकाळचा आकडा सतत वाढलेला असतो, त्यांनी दोन-तीन रात्री झोपण्यापूर्वी, पहाटे तीनच्या सुमारास आणि उठल्याबरोबर अशी साखर मोजून लिहून ठेवावी. झोपतानाच ती जास्त असेल, तर उशिराच्या जेवणाकडे पाहावे लागते. झोपताना आणि तीनला ठीक असून सकाळी वाढली असेल, तर कारण बहुधा पहाटेच्या संप्रेरकांत असते. तीनला ती ७० च्या खाली गेली असेल, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्या किंवा बीटा पेशींना चालना देणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची, तर लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. कारण सकाळचा चढा आकडा पाहून अशा माणसाचा रात्रीचा डोस वाढवला, तर पुढच्या रात्री साखर आणखी खाली जाऊ शकते.