कापड, कप आणि विकतचं पॅड: खानापूरच्या पावसातला पाच वर्षांचा हिशेब

[दृश्य: खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, जुलै महिना. बाहेर संततधार. ओसरीत बांधलेल्या दोरीवर कपडे.]

निवेदन:
बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी, जांबोटी या पट्ट्यात जुलैत दोरीवर टाकलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतो. कापडी पॅड स्वस्त की महाग, याचा हिशेब इथे या दोरीपासूनच सुरू होतो. किती पॅड लागणार, ते किती वर्षं टिकणार आणि पैसे कधी वसूल होणार, हे सगळं ते किती दिवसांत वाळतात यावर ठरतं.

एक उदाहरण घेऊ. पाळी २८ दिवसांनी येते आणि पाच दिवस चालते. पहिले दोन दिवस चार-चार पॅड, तिसऱ्या दिवशी तीन, मग दोन-दोन. मिळून १५. वर्षाला १३ पाळ्या धरल्या, तर १९५ पॅड. इथून पुढच्या किमती हिशेबापुरत्या धरलेल्या आहेत. तुमच्या दुकानातला आकडा त्या जागी घाला, रीत तीच राहील.

[दृश्य: किराणा दुकान. बरणीच्या मागे ठेवलेली पाकिटं.]

दुकानातलं पंखवालं पॅड सात रुपयांना धरू. एका पाळीचे १०५ रुपये, वर्षाचे १३६५, पाच वर्षांचे ६८२५. दर महिन्याला थोडे थोडे जातात, म्हणून ही बेरीज कुणी करत नाही.

आता दुसरं टोक. जन औषधी केंद्रात 'सुविधा' पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला मिळतं. त्या दराने पाळीचे १५ रुपये आणि पाच वर्षांचे ९७५. ते लहान वाटलं आणि दिवसाला एखादं जास्त लागलं, तरी पाळीमागे पाचच रुपये वाढतात. हा आकडा धरला की कापडाचा किंवा पाळीच्या कपाचा फायदा एकदम बारीक होतो.

पण केंद्र असतं बाजारगावात. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही, त्यामुळे भाड्याचा प्रश्न मिटला. दिवसाची मजुरी मात्र बुडते. एकाच फेरीत चार महिन्यांची पाकिटं आणली, तर ६० रुपयांत काम होतं. दर महिन्याला त्यासाठीच जायचं म्हटलं, तर ते एक रुपयाचं पॅड फार महाग पडतं.

[दृश्य: तयार कापडी पॅड, टिचबटण लावताना जवळून.]

तयार कापडी पॅड एकाला २०० रुपये धरू. आता प्रश्न येतो, किती घ्यायचे?

याच जिल्ह्यातल्या अथणीच्या उन्हात सोपं आहे. पहिल्या दिवसाचे चार रात्री धुतले, सकाळी वाळत घातले, संध्याकाळी कोरडे. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा वापरता येतात. म्हणजे पहिल्या दोन दिवसांपुरते, आठ, पुरतात. कणकुंबीत पावसाळ्यात तेच पॅड वाळायला तीन दिवस लागले, तर पहिल्या दिवसाचे थेट पाचव्या दिवशी हाताशी येतात. तोपर्यंत चार, चार, तीन आणि दोन, असे १३ लागून जातात. अथणीचा खर्च १६००, कणकुंबीचा २६००.

वरवर बघता पावसाने हजार रुपयांचा भुर्दंड घातला. पण काही उत्पादक एका पॅडच्या साधारण ७५ धुलाया सांगतात, तो आकडा धरून बघा. वर्षाच्या १९५ बदलांत आठ पॅडपैकी प्रत्येक सुमारे २४ वेळा धुतला जातो आणि तीन वर्षांत झिजतो. तेरापैकी प्रत्येक १५ वेळाच धुतला जातो, म्हणून पाच वर्षं निघतात. वर्षाला पहिल्याचे ५३३ रुपये पडतात, दुसऱ्याचे ५२०. जास्त घेतलेले पॅड वाया जात नाहीत, ते फक्त पैसे आधी मागतात. आणि अडचण नेमकी तीच आहे: २६०० रुपये एकदम काढायचे कुठून?

एक बारीक गोष्ट. धुतलेले पॅड गठ्ठ्याच्या वर ठेवून वरचेच उचलत राहिलात, तर काही पॅड लवकर विरतात आणि खालचे नवेच राहतात. धुतलेला खाली, घेताना वरचा.

धुण्याच्या साबणाचे पाळीमागे दहा रुपये धरले, तर पाच वर्षांचे ६५० होतात. २६०० मिळवून ३२५०. सात रुपयांच्या पॅडशी तुलना केली, तर पाळीमागे ९५ रुपये वाचतात आणि २८व्या पाळीला, म्हणजे दोन वर्षं उलटल्यावर, पैसे वसूल होतात. एक रुपयाच्या पॅडशी तुलना केली, तर पाळीमागे वाचतात पाच रुपये. ते २६०० या जन्मात वसूल होत नाहीत.

[दृश्य: शिलाई मशीन. फलालीनचा तुकडा मोजताना.]

म्हणून पावसाच्या गावात पॅडची रचनाच बदलावी. तयार पॅड वाळत नाही, कारण आतले थर एकत्र शिवलेले असतात. वरचं कापड कोरडं लागतं आणि मधला थर ओला राहतो. घरी शिवायचं झालं, तर पॅडचे दोन भाग करा: बाहेरची पंखवाली खोळ आणि आत ठेवायची सुटी घडी. घडी उलगडली की एकेरी कापड होतं, आणि ते ओसरीतही दोन दिवसांत वाळतं. आजी-पणजी कपड्याची घडी घ्यायच्या, त्यात हे शहाणपण होतंच. गळू नये म्हणून खालचा थर आणि जागेवरून हलू नये म्हणून बटण, एवढंच आपण वाढवतो.

माप असं. पावणेदोन मीटर फलालीन, पन्हा ९० सेंटिमीटर. आधी गरम पाण्यातून काढून वाळवा, नाहीतर शिवल्यावर आटेल. २५ बाय ४० सेंटिमीटरचे १२ तुकडे कापा. ४० च्या बाजूने पाच पदरी घडी घातली की आठ सेंटिमीटर रुंदीची पट्टी होते. खोळी सहा पुरतात. त्यांच्या वरच्या बाजूला अर्धा मीटर सुती कापड आणि खाली अर्धा मीटर पीयूएल, म्हणजे एका बाजूने पातळ जलरोधक थर दिलेलं कापड. घडी अडकवायच्या दोन फिती सुती कापडावर आधी शिवून घ्या आणि मगच त्याला पीयूएल जोडा. मधोमध पीयूएलमधून सुई गेली की त्या भोकांतून डाग बाहेर येतो, आणि बायका म्हणतात कापडच वाईट होतं. पीयूएलऐवजी रेनकोटचं कापड स्वस्तात मिळतं, पण त्यातून हवा खेळत नाही. मांड्यांना पुरळ येऊ शकतं.

फलालीन २१०, सुती ४०, पीयूएल १५०, टिचबटणं आणि दोरा ५०. एकूण ४५० रुपये. सात रुपयांच्या पॅडच्या तुलनेत पाचव्या पाळीला वसूल. साबण धरून पाच वर्षांचे ११००, म्हणजे जन औषधीच्या पॅडपेक्षा सव्वाशे रुपये जास्त, पण बाजाराची फेरी नाही.

[दृश्य: बादलीत गार पाणी, मग दोरी.]

धुण्यात हिशेब बिघडतो तो असा. रक्त गरम पाण्याने पक्कं बसतं, म्हणून आधी गार पाण्यात अर्धा तास. साबण जास्त झाला की तो धाग्यात राहतो आणि घडी शोषायची बंद होते. कोरड्या घडीवर पाण्याचा थेंब टाका. तो मण्यासारखा वर राहिला, तर साबण उरला आहे. साध्या पाण्यातून दोन-तीनदा खळबळून काढा. कपडा मऊ करणारं द्रावणही असंच नडतं. आणि वाळलं की नाही हे बोटाने कळत नाही. घडी गालाला लावा. गार लागली तर ती ओली आहे, तशी घेऊ नका. ओलसर कापडाने खाज आणि जंतुसंसर्ग होऊ शकतो. परकराखाली लपवून वाळत घातलेलं कापड पावसाळ्यात वाळतच नाही. अथणीकडे ऊन भरपूर, पण उन्हाळ्यात पाण्याची ओढ. तिथे घागरी मोजूनच कापडाचा विचार करावा.

[दृश्य: तळहातावर कप. बाजूला लहान पातेलं.]

पाळीचा कप दुमडून योनीत घालतात आणि रक्त त्यात साठतं. त्याला ना ऊन लागतं ना फारसं पाणी. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा कप ४०० रुपयांना धरू. सात रुपयांच्या पॅडच्या तुलनेत चौथ्या पाळीला वसूल. एक रुपयाच्या पॅडच्या तुलनेतही, गॅस न धरता, २७व्या पाळीला, आणि नीट ठेवला तर कप दहा वर्षंही टिकू शकतो. उकळायच्या गॅसचे महिन्याला तीन रुपये धरले, तरी पाच वर्षांचा खर्च ६०० च्या आत राहतो. कागदावर याच्याजवळ कुणी येत नाही.

पण दोन पाळ्यांनंतर कपाटात गेलेला कप म्हणजे पाळीमागे २०० रुपये. तो कपाटात जातो गळतीमुळे, आणि गळती बहुतेक वेळा दुमडलेला कप आत नीट न उघडल्यामुळे होते. घातल्यावर कपाच्या बुडाभोवती बोट फिरवून बघा. खळगा लागला तर कप थोडा फिरवा किंवा काढून पुन्हा घाला. काढताना नुसतं देठ ओढू नका, आधी बूड चिमटून हवा आत जाऊ द्या. सवय व्हायला तीन-चार पाळ्या लागतात, आणि तेवढ्या काळाचे पॅड हिशेबात धरलेच पाहिजेत.

तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कप हवा न सोडता ओढला, तर तांबी सरकू शकते. बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे थांबा. १२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि कंपनीने कमी वेळ सांगितला असेल तर तो पाळा. वापरताना अचानक जोराचा ताप आणि अंगावर पुरळ आलं, तर कप काढून लगेच दवाखाना गाठा.

दर पाळीआधी पाच मिनिटं उकळा. पातेलं वेगळं ठेवा आणि जवळ उभ्या राहा. पाणी आटलं की कप तळाला चिकटून जळतो, आणि एक फोन घेईपर्यंत ४०० रुपये जातात. वाळवून सुती पिशवीत ठेवा. हवाबंद डब्यात वास धरतो. रंग पिवळट झाला तरी चालतं. चिकट लागू लागला, चीर गेली किंवा वर पांढरी भुकटी दिसली, तर बदला.

[दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका, पेन्सिल.]

आई आणि शाळेतली मुलगी, असं घर असेल तर दोघींना एकच गोष्ट लागत नाही. शाळेतून शुची योजनेची मोफत पाकिटं मिळत असतील, तर मुलीच्या १५ मधून तेवढी वजा करा. शाळेच्या वेळात तीच सोयीची, कारण ओली घडी दप्तरातून आणणं कुणालाच नको असतं. रात्री आणि सुट्टीत घरचं कापड. तिच्यापुरत्या सहा घड्या आणि तीन खोळींना सव्वादोनशे रुपये.

खरेदीआधी तीन पाळ्या दिनदर्शिकेवर रोजच्या चौकटीत एकच आकडा लिहा: आज किती वेळा बदललं. चौथ्या महिन्यात दुकानात किंवा शिंप्याकडे जाताना तो कागद बरोबर न्या. जुलैचे आकडे वेगळे खुणावून ठेवा.