पायलट जहाजावर चढतो तेव्हा

नमस्कार मंडळी. जयगडच्या बाजूला राहणाऱ्यांनी कोळशाची जहाजं लांबून खूप वेळा बघितली असतील, पण बाहेरून आलेल्या त्या अवाढव्य धुडाला चॅनलमधून आत आणतो तो पायलट, तो वर कसा चढतो आणि टग, म्हणजे जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या पण ताकदवान बोटी, त्यांच्याकडून नेमकं काय करून घेतो ते आज सांगतो.

जहाज समुद्रात असतं, पायलटची छोटी बोट त्याच्या बाजूला येते. जहाज थांबत नाही बरं का, सहा-सात नॉटने, म्हणजे ताशी अकरा-तेरा किलोमीटरने चालतच असतं, कारण पूर्ण थांबलं की लाटांवर वेडंवाकडं डोलायला लागतं. कॅप्टन जहाज थोडं वळवतो, म्हणजे लाटा एका अंगाला आदळतात आणि दुसऱ्या अंगाला जरा शांत पाणी मिळतं, त्या शांत बाजूला दोराची शिडी सोडलेली असते. डेक पाण्यापासून 9 मीटरपेक्षा उंच असेल तर नुसती दोराची शिडी चालत नाही, वरून जहाजाचा तिरका जिना लावतात आणि खाली तेवढी दोराची शिडी, दोन्ही मिळून चढायचं.

खरी कसोटी पहिल्या पावलाची. पावसाळ्यात नैऋत्येचा फुगारा असतो, बोट दोन-तीन मीटर वरखाली होते, तेव्हा बोट लाटेच्या अगदी माथ्यावर आली की शिडी पकडायची आणि लगेच चार-पाच पायऱ्या वर जायचं. बोट खाली असताना पाय टाकलात तर पुढच्या लाटेला तीच बोट वर येऊन पाय चिरडते. म्हणूनच पायलटने शिडी धरली की बोटवाला लगेच बाजूला होतो, पडलाच तर पाण्यात पडू दे, बोटीच्या डेकवर नको. बॅग वेगळ्या दोराने वर ओढतात, हात मोकळे पाहिजेत ना. आणि पायऱ्या तिरक्या दिसल्या, दोर झिजलेला दिसला, तर पायलटने सरळ नाही म्हणायचं, दुसरी शिडी लावा. लाज वाटून चढणारे मला अजिबात पटत नाहीत.

वर ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत गेलं की कॅप्टनशी बोलणं, जहाज किती खोल बुडालंय, इंजिन कसं चालतं, आज भरती किती. मग अरुंद चॅनल, आणि इथे सगळा खेळ स्पीडचा. समजा 225 मीटर लांब, कोळशाने भरलेलं जहाज आहे. उथळ पाण्यात चालताना जहाजाखालचं पाणी जोरात मागे पळतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज आणखी खाली बसतं. ढोबळ हिशोबाने अरुंद चॅनलमध्ये 10 नॉटला ते दीड-पावणेदोन मीटर बसेल आणि 5 नॉटला जेमतेम 40 सेंटीमीटर, कारण स्पीड निम्मा केला की बसणं पाव होतं. तळाशी दोन मीटर पाणी उरलेलं असताना हा फरक केवढा, बघा. शिवाय एका काठाच्या जवळ गेलं तर मागची बाजू काठाकडे ओढली जाते आणि नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, दुसरीकडे फिरते.

मग हळूच चालवायचं, पण हळू गेलं की सुकाणू ऐकत नाही! पंख्याने फेकलेलं पाणी सुकाणूवर आदळलं तरच जहाज वळतं, इंजिन बंद केलं की सुकाणू नुसतं लटकतं, आणि रिव्हर्स मारला तर बहुतेक जहाजांची नाळ उजवीकडे सरकते. इथे मागचा टग कामाला येतो. त्याचा दोर जहाजाच्या शेपटाकडे मधोमध बांधलेला असतो, पायलट रेडिओवर सांगतो 'जरा मागे ओढ', टग जहाजाला मागे खेचतो आणि इंजिन मात्र हळू पुढेच चालू राहतं, त्यामुळे स्पीड वाढत नाही आणि पंख्याचं पाणी सुकाणूवर पडत राहतं, म्हणजे जहाज ताब्यात.

पुढच्या टगची मात्र काळजी जास्त. दोराने बांधलेला असताना जहाज त्याच्या पुढे निघून गेलं तर दोर आडवा पडतो, टगला बाजूने खेचतो आणि टग क्षणात उलटू शकतो. म्हणून पायलट इंजिनचा जोर वाढवायच्या आधी टगच्या तांडेलाला सांगतो, आणि तांडेल एक हात दोर सोडायच्या बटणाजवळ ठेवून बसतो. सहा नॉटच्या वर जहाज असेल तर आडवं ढकलायची टगची ताकद तशीही फारशी उरत नाही, स्वतःला जहाजाबरोबर ठेवण्यातच सगळी जाते.

धक्क्याजवळ आलं की टग बाजूने ढकलतात आणि जहाज आडवं सरकतं, साधारण सेकंदाला 10 सेंटीमीटर, त्याहून जोरात गेलं तर धक्क्याला लावलेल्या गाद्या, म्हणजे फेंडर, चेपतात. जहाज रिकामं असेल तर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात ते पाण्यावर उंच दिसतं तेवढा वारा जास्त खातं, त्यामुळे एखादा टग जास्तीचा मागवतात. आणि जहाजाचे दोर धक्क्यावर घट्ट झाल्याशिवाय टग सोडत नाहीत, खलाशी कितीही घाई करू देत.