मेथीचा दाणा: डिंक आणि एक वेगळं आम्ल
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एकच मेथीचा दाणा. ब्लेडने मधोमध कापला जातो.]

मेथीने रक्तातली साखर आटोक्यात राहते असं म्हणतात. ती कशी, हे या दाण्यातच शोधू. मेथीचा दाणा कापायला सोपा नाही. तो खड्यासारखा कठीण असतो, ब्लेडखालून निसटतो. पण एकदा नीट कापला की आतली रचना स्पष्ट दिसते. बाहेर पातळ, तपकिरी साल. मध्यभागी दोन पिवळी दलं. प्रथिनं आणि तेल या दलांत आहे. आणि साल व दलं यांच्यामध्ये हा काचेसारखा, अर्धपारदर्शक थर. कोरड्या दाण्यात तो नजरेतही भरत नाही.

आता यावर पाण्याचा एक थेंब.

[दृश्य: वेग वाढवलेलं चित्रण. काचेसारखा थर फुगतो, साल ताणली जाऊन फाटते.]

हा थर फुगतोय. पाणी पिऊन तो कित्येक पट जाड होतो आणि सालीला आतून फाडतो. बोटाला लागतो तो बुळबुळीतपणा याच थराचा. हा मेथीचा डिंक, शास्त्रीय भाषेत गॅलॅक्टोमॅनन. मॅनोज या साखरेची लांबलचक साखळी आणि तिला बाजूने लटकलेले गॅलॅक्टोजचे कण, अशी याची बांधणी. गवारीच्या डिंकातही हीच दोन द्रव्यं आहेत, पण तिथे मॅनोजच्या दोन कणांमागे गॅलॅक्टोजचा एक कण असतो. मेथीत मॅनोजच्या जवळजवळ प्रत्येक कणाला गॅलॅक्टोज लटकलेलं असतं. इतक्या दाट फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होत नाहीत, त्यामुळे मेथीचा डिंक थंड पाण्यातही विरघळतो आणि पाणी दाट करतो.

आपली आतडी ही साखळी तोडू शकत नाहीत. ते काम करणारं विकर माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. म्हणून डिंक लहान आतड्यातून तसाच, न पचता पुढे जातो. शंभर ग्रॅम मेथीत अठ्ठेचाळीस ग्रॅमच्या आसपास तंतू असतात आणि त्यातले वीसेक ग्रॅम हे असे विरघळणारे.

[दृश्य: काचेचे दोन पेले. एकात रात्रभर भिजवलेले अख्खे दाणे, दुसऱ्यात पाण्यात कालवलेली मेथीपूड. दोन्ही पेले तिरपे केले जातात.]

हे दोन पेले नीट पाहा. डावीकडच्या पेल्यात रात्री चमचाभर दाणे भिजत घातले होते. सकाळी दाणे टम्म फुगलेत, पण पाणी पाण्यासारखंच वाहतंय. उजवीकडे तेवढीच मेथी, पण दळून कालवलेली. पेला तिरपा केला तरी ती सावकाश सरकते. डावीकडे बहुतेक सगळा डिंक दाण्यातच अडकून राहिला. वरचं पाणी पिऊन दाणे टाकून दिले, तर तो डिंकही त्यांच्याबरोबर जातो. घरोघरी रिकाम्या पोटी प्यायलं जातं ते हेच पाणी.

[दृश्य: स्वयंपाकघर. परातीत ज्वारीचं पीठ, त्यात मेथीपूड मिसळली जाते. भाकरी थापली जाते, तव्यावर पडते.]

आता ही भाकरी. तिच्यातला स्टार्च आतड्यात पोचला की अमायलेज नावाचं विकर त्याचे तुकडे करतं. शेवटी उरतो ग्लुकोज. हा ग्लुकोज आतड्याच्या भिंतीला टेकला की तिथले वाहक त्याला उचलून रक्ताकडे नेतात. मैदा आणि पांढरा भात यांच्या बाबतीत हे इतकं झपाट्याने होतं की तासाभरात रक्तातली साखर शिगेला पोचते.

पिठात मेथी असली की आतड्यातला सगळा ऐवज दाट होतो. जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. विकराला स्टार्चपर्यंत पोचायला वेळ लागतो. आणि सुटलेला ग्लुकोज चिखलातून पाय उचलत चालल्यासारखा भिंतीकडे सरकतो. बरीचशी साखर अखेर रक्तात येतेच, पण ती एकदम उसळत नाही, लांबत जाऊन येते. हे काम फक्त त्या जेवणापुरतं चालतं, आणि डिंक व स्टार्च एकाच वेळी पोटात असतील तरच. सकाळी सहाला घेतलेली मेथी दुपारी एकच्या भाताला उपयोगी पडत नाही.

[दृश्य: हैदराबाद, राष्ट्रीय पोषण संस्थेचा परिसर. नंतर टेबलावर वाट्यांची रांग: अख्ख्या मेथीची पूड, वेगळा काढलेला डिंक, डिंक काढलेली मेथी, शिजवलेले दाणे, शिजवलेली पानं.]

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा यांनी या गोष्टीचा छडा लावला. त्यांचा 1986चा प्रयोग आम्ही इथे वाट्या मांडून दाखवतोय, कारण कामाची सगळी विभागणी या वाट्यांमध्ये दिसते. शर्मांनी मेथीचे भाग वेगळे केले आणि प्रत्येक भाग माणसांना खायला देऊन रक्तातली साखर मोजत गेले.

अख्ख्या दाण्याच्या पुडीने साखरेच्या आलेखाखालचं क्षेत्र, म्हणजे त्या काही तासांतली एकूण चढ, सुमारे 42 टक्क्यांनी उतरली. नुसत्या डिंकाने सुमारे 37 टक्क्यांनी. शिजवलेल्या दाण्यांनी सुमारे 35 टक्क्यांनी. आणि या उरलेल्या दोन वाट्या पाहा: डिंक काढून टाकलेली मेथी आणि शिजवलेली पानं. यांचा परिणाम नगण्य. मेथीची भाजी जरूर खावी, पण दाण्याचं काम तिच्याकडून होत नाही. दाणा शिजवला तरी बरंच काम टिकून राहतं, म्हणून परातीतली ती भाकरी तव्यावर गेली तरी बिघडत नाही.

इन्शुलिनचे आकडेही साखरेबरोबर खाली आले होते. साखर कमी वेगाने आली, तर ती आवरायला इन्शुलिनही कमी लागणार. म्हणजे इथे स्वादुपिंडाला चालना मिळाल्यापेक्षा त्याच्यावरचं ओझं हलकं झालेलं दिसतं.

[दृश्य: ओल्या फडक्यात बांधलेली मेथी. दिवसागणिक कोंब लांब होत जातो.]

हे चित्रण मोड आलेल्या मेथीचं. दाणा रुजायला लागला की पिवळ्या दलांना अन्न लागतं आणि रोपट्याचं ते अन्न म्हणजे हाच डिंक. जी विकरं आपल्याकडे नाहीत, ती मेथीच्या दाण्यात जागी होतात आणि एक-दोन दिवसांत साखळी तोडून मॅनोज-गॅलॅक्टोज मोकळे करतात. कोंब लांब होतो तसा तो काचेसारखा थर विरत जातो. मोडांची उसळ कमी कडू लागते, चवीला छानही असते. पण साखर रोखण्यासाठी मेथी खायची असेल, तर लांब मोड येऊ देऊ नयेत.

[दृश्य: प्रयोगशाळा. पारदर्शक कुप्या, सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडातली पेशीद्वीपं.]

मेथीत दुसरीही एक वस्तू आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून इथे कुप्या दाखवतोय. 1973 साली ब्रिटिश वनस्पतिरसायनतज्ज्ञ लेस्ली फाउडेन आणि सहकाऱ्यांनी मेथीत एक अमिनो आम्ल नोंदवलं: 4-हायड्रॉक्सीआयसोल्युसिन. आपली प्रथिनं वीस अमिनो आम्लांपासून बनतात आणि हे त्या विसांत नाही. ते कुठल्याही प्रथिनात गुंफलेलं नसतं, दाण्यात सुटं असतं. दाण्याच्या वजनाच्या साधारण अर्धा टक्का. मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या घामाला येणारा तो ओळखीचा वास ज्या सोटोलोन नावाच्या द्रव्याचा आहे, तेही याच आम्लापासून तयार होतं असं मानतात.

1998 साली फ्रान्समधल्या मॉन्पेलिएच्या संशोधकांनी, इव्ह सोव्हेर आणि सहकाऱ्यांनी, उंदरांच्या आणि माणसांच्या स्वादुपिंडातली पेशीद्वीपं, म्हणजे इन्शुलिन सोडणाऱ्या पेशींचे पुंजके, वेगळी काढून त्यांना हे आम्ल दिलं. भोवतालच्या द्रवात साखर आपल्या मापात 54 किंवा 90 मिलिग्रॅम असताना काहीच घडलं नाही. साखर सुमारे 120 ते 300 मिलिग्रॅमच्या दरम्यान गेली तेव्हा मात्र त्याच पेशींनी जास्त इन्शुलिन सोडलं. मधुमेहाच्या काही गोळ्या साखर कमी असतानाही इन्शुलिन काढायला लावतात आणि रुग्णाला घाम फुटतो, हातपाय थरथरतात. हे आम्ल वाढलेल्या साखरेशिवाय हलत नाही, म्हणूनच त्याच्याबद्दल इतकी उत्सुकता निर्माण झाली. पुढे उंदरांवरच्या कामात असंही दिसलं की स्नायू आणि यकृत इन्शुलिनचा निरोप ज्या साखळीतून पुढे नेतात, तिच्यातल्या एका विकराचं काम या आम्लाने वाढतं.

[दृश्य: वजनकाट्यावर दहा ग्रॅम मेथी. बाजूला कागदावर हाताने आकडेमोड.]

पण कागदावरचा हिशेब आम्ही मुद्दाम चित्रित केलाय. दहा ग्रॅम मेथी म्हणजे तीन लहान चमच्यांहून थोडी कमी. तिच्यात हे आम्ल साधारण पन्नास मिलिग्रॅम. ते सगळंच्या सगळं रक्तात उतरलं आणि पेशींबाहेरच्या चौदा लिटर पाण्यात पसरलं असं धरलं, तरी प्रयोगातल्या पेशींना दिलेल्या कमीत कमी मात्रेच्या जेमतेम पाव भागापर्यंत पोचतं. याच दहा ग्रॅममधला विरघळणारा डिंक मात्र दोन ग्रॅम आहे आणि त्याला रक्तात जायचंच नसतं. त्याचं काम आतड्यातच आहे. म्हणून घरच्या मेथीत पहिला मान डिंकाचा. आम्लाची गोष्ट बहुतांशी पेशी आणि उंदीर यांच्यावरची आहे. डब्यावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत छापून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये डिंक किती आहे, हेही विचारायला हवं.

[दृश्य: मऊ भातावर मेथकूट आणि तूप. नंतर पुन्हा भाकरी, जेवणाचं ताट.]

मऊ भातावरचं मेथकूट ही जोडी अगदी योग्य आहे: मेथी दळलेली आणि स्टार्चच्याच घासात. फक्त मेथकुटात डाळ-तांदळापुढे मेथी असते चिमूटभर. हैदराबादमधल्याच दुसऱ्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांना रोज दहा ग्रॅम पूड, पाच-पाच ग्रॅम दोन वेळा, जेवणाआधी दिली. एकशे चाळीस लोक, तीन वर्षं. मेथी न घेणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याची शक्यता चौपटीहून थोडी जास्त निघाली. मेथी घेणाऱ्यांना अख्ख्या दाण्याची पूड दिली होती, त्यामुळे यात डिंकाचा वाटा किती आणि आम्लाचा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही.

सुरुवातीला पोट फुगतं, कारण मोठ्या आतड्यातले जिवाणू डिंक आंबवतात; एका चमच्यापासून सुरू करावं आणि पाणी भरपूर प्यावं. इन्शुलिन, मधुमेहाच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावं आणि साखर मोजत राहावं. स्वतःहून गोळी बंद करू नये. गरोदरपणात एवढी मात्रा घेऊ नये. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मेथीचीही होऊ शकते. आणि गोळ्या घ्यायच्या त्या मेथीबरोबर न घेता तास-दोन तासांच्या अंतराने घ्याव्यात, नाहीतर डिंक त्यांनाही उशिरा पोचवतो.