चिठ्ठी कोणाची टाकली?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी. प्रवेशपरीक्षेचा निम्मा अभ्यासक्रम संशोधनपद्धतीचा असतो. त्यातला एकच मुद्दा आज आपण नीट समजून घेऊ, कारण माझे विद्यार्थी व्याख्या पाठ असूनही तेथेच चुकतात. तो मुद्दा म्हणजे स्ट्रॅटिफाइड आणि क्लस्टर नमुन्यांतला फरक.

आपल्या इंदूर महानगरपालिकेत 85 वॉर्ड आहेत. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतात का, हे एका संशोधिकेला तपासायचे आहे असे समजा. तिने सर्वच्या सर्व 85 वॉर्डांतून चिठ्ठ्या टाकून थोडी थोडी घरे निवडली, तर तो स्ट्रॅटिफाइड नमुना झाला. तिने आधी वॉर्डांच्याच चिठ्ठ्या टाकून 10 वॉर्ड काढले आणि फक्त त्यांतल्या घरांत गेली, तर तो क्लस्टर नमुना झाला. प्रश्नात वॉर्ड आणि चिठ्ठी हे दोन्ही शब्द दिसतात, म्हणून घोटाळा होतो. अशा वेळी, ज्यातले एकही घर घेतले जाणार नाही असा वॉर्ड शिल्लक राहिला का, एवढे पाहावे. चिठ्ठीमुळे तसा वॉर्ड राहिला असेल, तर उत्तर क्लस्टर.

या फरकाची किंमत आकड्यांत दिसते. 10 वॉर्डांतून प्रत्येकी 20, म्हणजे 200 घरे घेतली. पण एका वॉर्डात कचऱ्याची गाडी तीच, तिची वेळ तीच आणि शेजाऱ्यांच्या सवयीही मिळत्याजुळत्या असतात. हे अंतर्गत साम्य 0.05 धरले, तर

```
1 + (20 − 1) × 0.05 = 1.95
200 ÷ 1.95 ≈ 103
```

म्हणजे साध्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सुमारे 103 घरांतून जेवढी खात्री मिळाली असती, तेवढीच येथे 200 घरांतून मिळते. स्ट्रॅटिफाइड पद्धतीत मात्र गटाच्या आतले साम्य उपकारक ठरते, कारण तेथे एकही गट वगळलेला नसतो. विधान आणि कारण या प्रकारच्या प्रश्नात ही उलटापालट ओळखता आली पाहिजे. क्लस्टर तरीही वापरतात, ते खर्च आणि पायपीट वाचते म्हणून.

आता समजा, तिने राजवाड्यासमोर उभे राहून समोर येतील त्या 100 पुरुषांना आणि 100 स्त्रियांना विचारले. गट केलेले असल्यामुळे हे स्ट्रॅटिफाइड वाटते, पण येथे चिठ्ठीच नाही. हा कोटा नमुना आहे, आणि त्यावरून संभाव्यतेच्या आधारे नमुनात्रुटी काढता येत नाही. प्रबंधात तिने याला यादृच्छिक म्हटले, तर प्रश्न संशोधननीतीचा होतो. पर्यायांत ‘कोटा पद्धत वापरली’ हा दोष म्हणून दिलेला असतो आणि पुष्कळ जण त्यावरच खूण करतात. कोटा नमुना उघडपणे, त्याच्या मर्यादा सांगून वापरता येतो. येथे नीतिभंग झाला तो निवडीची पद्धत खोटी लिहिल्यामुळे.